रात्रभर भिजवलेला झब्बा

माझ्या लग्नातला रेशमी झब्बा बारा वर्षं नीट टिकला आणि एका रात्रीत गेला. एका मुंजीत पंगतीला बसलो असताना शेजारच्या मुलाची श्रीखंडाची वाटी माझ्या छातीवर कलंडली. घरी आल्यावर मी तेच केलं, जे मुलांच्या गणवेशाच्या बाबतीत करतो: बादलीत कोमट पाणी घेतलं, डागांसाठी खास म्हणून जाहिरात असलेली पावडर दोन चमचे टाकली आणि झब्बा भिजत घातला. सकाळी कॉलरवर मळ दिसला म्हणून ब्रशही मारला. डाग गेला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाळल्यावर कापड हातात घेतलं तर ते माझ्या झब्ब्याचं वाटेना. चकाकी गेलेली, स्पर्श तांदळाच्या पिठासारखा भुरभुरीत आणि कॉलरच्या घडीवर पांढरट रेघ उमटलेली. पुढच्या दिवाळीत घालायला काढला तेव्हा त्याच रेघेवर तो फाटला.

मावशी म्हणाली, "अरे, रेशीम कुणी सोड्यात घालतं का?" तिचं बरोबर होतं, पण अर्धंच. त्या बादलीत सोडा होताच, शिवाय मावशीच्या तरुणपणी आपल्याकडच्या बादलीत सहसा नसायचं असं एक काहीतरी होतं: एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात ते. त्याच पावडरीत माझे सुती बनियन आणि मुलांचे शर्ट वर्षानुवर्षं धुतले जातायत आणि त्यांना काही होत नाही. मग रेशमाशीच त्याचं काय वाकडं होतं, हे समजून घ्यायला मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

तुम्हीही जाऊ शकता. दोन वाट्या घ्या. एकीत जिलेटिनची जेली लावा: कपभर गरम पाण्यात दोन चहाचे चमचे जिलेटिन विरघळवून फ्रिजमध्ये. दुसरीत चायना ग्रासची, म्हणजे अगर-अगरची. दोन्ही थरथरीत, पारदर्शक, बघणाऱ्याला सारख्याच. आता एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर चमचाभर घेऊन अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवा, गार होऊ द्या आणि दोन्ही वाट्यांवर थोडं थोडं ओतून झाकून परत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी जिलेटिनची जेली वरून पातळ होऊन तिला खळगा पडलेला दिसेल. चायना ग्रास मात्र जसंच्या तसं. (नंतर दोन्ही टाकून द्या आणि वाट्या घासा. घरात लहान मूल असेल तर हा उद्योग त्याच्यासमोरच करा, म्हणजे कुणी ते खायला जाणार नाही.)

जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांतलं प्रथिन. चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेली साखरेच्या रेणूंची लांब साखळी. पावडरीतल्या एन्झाइमला प्रथिन कापता येतं, साखरेची साखळी कापता येत नाही. रेशीम आणि लोकर जिलेटिनच्या बाजूची, कापूस चायना ग्रासच्या बाजूचा. सगळी भानगड मुळात इतकीच आहे. तिच्यातल्या खाचाखोचा मात्र मजेच्या आहेत.

कपड्यांच्या पावडरीत एन्झाइम एकच नसतं. पिठुळ डागांसाठी वेगळं, तेलातुपासाठी वेगळं. पण सगळ्यांत जुनं आणि आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र म्हणजे प्रोटिएज, प्रथिनं तोडणारं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी एका विशिष्ट पद्धतीने एकमेकांत अडकवून केलेली माळ. मणी वीस प्रकारचे असले तरी दोन मण्यांमधली कडी सगळीकडे एकाच घडणीची. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये तीच, अंड्याच्या पांढऱ्यात तीच, दुधाच्या केसीनमध्ये तीच. प्रोटिएज ही कडी हेरतं, पाण्याचा एक रेणू मध्ये घालून ती उघडतं आणि पुढच्या कडीकडे वळतं. स्वतः त्यात खर्च होत नाही. म्हणून पावडरीत ते चिमूटभर असलं तरी पुरतं.

हे काम आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून चालू आहे. मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर चोळतात, तेव्हा पपईच्या चिकातलं पपेन नावाचं प्रोटिएज मांसाच्या माळा तोडत असतं. ताजा अननस घातला की जिलेटिनची जेली बसत नाही, त्यामागेही असंच एक एन्झाइम. डब्यातला अननस घातला तर बसते, कारण डबाबंद करताना तापवल्याने ते एन्झाइम मेलेलं असतं. मटणाला पपई लावून रात्रभर ठेवलं तर काय होतं ते ज्याने एकदा खाल्लंय त्याला माहीत आहे: मऊ होण्याऐवजी त्याचा लगदा होतो. वेळेचं हे महत्त्व लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कपड्यांसाठी हे करून बघण्याचं डोकं जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो रोम यांचं. त्यांची सुरुवात कपड्यांपासून नव्हे, कातड्यापासून झाली. चामडं कमावताना ते मऊ पडावं म्हणून त्या काळी कातडी कुत्र्याच्या विष्ठेच्या द्रावणात भिजवत. रोम यांना कळलं की त्यात काम करणारी वस्तू म्हणजे प्रथिनं पचवणारी एन्झाइम आहेत आणि ती जनावरांच्या स्वादुपिंडातून सरळ काढता येतात. 1907 साली त्यांनी भागीदाराबरोबर कंपनी काढली ती हेच विकायला. मग त्यांनी विचार केला असावा की जे कातड्यावरचं प्रथिन सोडवतं, ते शर्टावरचं का सोडवणार नाही. 1913 साली त्यांनी पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी 'बुर्नुस' नावाचं कपडे भिजवायचं उत्पादन बाजारात आलं. अडचण अशी की स्वादुपिंडातलं एन्झाइम धुण्याच्या सोड्यात फार वेळ तग धरत नाही. त्यामुळे ही कल्पना पुढची जवळजवळ पन्नास वर्षं रांगतच राहिली.

1960च्या दशकात डेन्मार्कच्या नोवो कंपनीने बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून मिळवलेलं प्रोटिएज धुलाईसाठी आणलं आणि चित्र पालटलं. या कुळातल्या एन्झाइमला सबटिलिसिन म्हणतात. सोड्याने खारवलेल्या, साबणाने फेसाळलेल्या पाण्यात, जिथे बहुतेक एन्झाइम माना टाकतात, तिथे हे उत्साहाने काम करतं. आणि खाण्यात चोखंदळ नाही. ठरावीक दोन मण्यांच्या मधेच कापीन असा त्याचा हट्ट नसतो, जिथे पकड मिळेल तिथे कापतं. डाग रक्ताचा, दुधाचा, अंड्याचा की घामाचा हे आधी कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे धुलाईसाठी हा गुणच. रेशमाच्या बाबतीत याच गुणाचा अवगुण होतो.

आधी सुती कापडावर हे कसं चालतं ते बघू. समजा पांढऱ्या सुती चादरीवर रक्त सांडलं आणि सुकलं. रक्तातली प्रथिनं सुकताना धाग्यांच्या फटींत चिकटून बसली आहेत आणि साध्या साबणाला ती सुटत नाहीत. उकळतं पाणी ओतलंत तर अंडं उकडावं तशी ती आणखी घट्ट होतील, म्हणून पहिलं पाणी गारच हवं. थंड पाण्यात खळबळून जेवढं सुटतं तेवढं काढायचं, मग कोमट पाण्यात, म्हणजे हात सुखाने बुडेल इतक्या, पावडर घालून तासभर चादर ठेवायची. प्रोटिएज लांब माळांचे छोटे छोटे तुकडे करतं. लांब माळ चिकटून बसते, तुकडा पाण्यात विरघळून निघून जातो. शेवटी कधीकधी फिकट तपकिरी छटा उरते. ती रक्तातल्या लोहयुक्त रंगद्रव्याची, त्यात कापण्याजोगी कडीच नाही, म्हणून एन्झाइमचा तिथे इलाज चालत नाही. तिला ऑक्सिजनवालं ब्लीच लागतं. हळदीचंही तसंच. हळदीचा रंग प्रथिन नाही, पीठ नाही, चरबीही नाही. सोड्याने तो उलट लालभडक होतो आणि जातो तो उन्हाने. एन्झाइमने आमटीच्या डागातलं डाळीचं प्रथिन, पीठ, तूप गेलं तरी हळद तिथेच हसत बसलेली असते.

या सगळ्या कापाकापीत चादरीच्या धाग्याला काही होत नाही. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून बनलेली साखळी. तिथली कडी वेगळ्या घडणीची आहे आणि प्रोटिएजच्या जबड्यात ती बसतच नाही. आपलं पोट मटण पचवतं पण कापूस पचवू शकत नाही, कारण आपल्याकडेही सेल्युलोजची कडी उघडणारं एन्झाइम नाही. म्हणून सुती कापडावर प्रोटिएज रात्रभर ठेवा नाहीतर दोन रात्री, त्याला कापायला फक्त डाग आहे. पॉलिएस्टर, नायलॉन, व्हिस्कोस यांचंही तेच.

सुतीला अगदीच अभय आहे असं मात्र म्हणता येणार नाही. काही पावडरींत सेल्युलेज नावाचं, सेल्युलोजच तोडणारं एन्झाइम मुद्दाम घालतात. जुन्या सुती कापडावर जी बारीक लव उठते, जिच्यामुळे काळा टीशर्ट राखाडी दिसायला लागतो, ती लव ते खाऊन टाकतं आणि रंग पुन्हा उठून दिसतो. त्याचं प्रमाण आणि जात अशी निवडलेली असते की मोकळी सुटलेली टोकंच कापली जावीत, धागा नाही. कारखान्यात जीन्सला जुनाट रूप देताना याच एन्झाइमचा हात जरा सैल सोडतात.

आता रेशीम. रेशमाच्या किड्याच्या तोंडातून जो धागा निघतो त्यात दोन प्रथिनं असतात. आत फायब्रॉइनचे दोन तंतू आणि त्यांना एकत्र चिकटवणारं बाहेरचं सेरिसिन, म्हणजे रेशमाचा डिंक. कच्च्या रेशमाच्या वजनात पाव भागाच्या आसपास हा डिंकच असतो. कोषातला पतंग बाहेर पडायच्या वेळी काय करतो ठाऊक आहे? तो कोष कुरतडत नाही, त्याला तसे दातच नसतात. तोंडातून कोकूनेज नावाचं एन्झाइम सोडतो, ते सेरिसिन विरघळवतं आणि मोकळे झालेले तंतू बाजूला सारून पतंग निसटतो. म्हणजे रेशमावर पहिला प्रोटिएज ओततो तो रेशमाचा मालकच. माणसानेही तेच उचललं. रेशमाचा डिंक काढायला पूर्वी साबण-सोड्यात उकळत, आता काही ठिकाणी प्रोटिएज वापरतात. सेरिसिन गेलं की रेशमाला ती मऊ झळाळी येते.

मग प्रश्न उभा राहतो. कारखान्यात प्रोटिएजने रेशीम सुधारतं आणि माझ्या बादलीत बिघडतं, असं का? उत्तर फायब्रॉइनच्या विणीत आहे. त्याच्या माळेत ग्लायसिन, अ‍ॅलनिन आणि सेरिन हे तीन छोटे मणी पुन्हा पुन्हा येतात. शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास हेच. मणी इतके लहान आणि एकसारखे असल्यामुळे शेजारशेजारच्या माळा इस्त्री करून रचलेल्या कपड्यांसारख्या एकावर एक घट्ट बसतात. या घड्यांमध्ये पाणीही शिरत नाही, मग त्याहून कितीतरी मोठं एन्झाइम कुठून शिरणार? रेशमाची ताकद आणि चमक याच घड्यांची. पण सगळा धागा घड्यांचा नसतो. दोन घड्यांच्या मध्ये माळ सैल, वेडीवाकडी असते, तिथे टायरोसिनसारखे मोठे मणी येतात आणि सबटिलिसिनला असे मोठे मणी विशेष आवडतात. हे सैल दुवे म्हणजे घड्या बांधून ठेवणारी सुतळी. एन्झाइम घडीला हात लावत नाही, सुतळी कापतं.

कारखान्यात सेरिसिन आधी कापलं जातं, कारण ते अगदीच सैल आणि पाण्याला सोपं आहे. ते जाताच काम थांबवतात. वेळ, उष्णता, एन्झाइमची मात्रा सगळं मोजलेलं असतं. माझ्या झब्ब्याचं सेरिसिन विणण्याआधीच गेलेलं होतं. त्यामुळे श्रीखंडातलं केसीन संपल्यावर बादलीतल्या एन्झाइमला उरलेल्या रात्रीत करायला एकच काम शिल्लक होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तो प्रकार.

तरी सकाळी झब्बा झब्बाच होता, लगदा झाला नव्हता. फसगत होते ती इथेच. सुतळ्या सुटल्या तरी घड्या जागच्या जागी असतात. कापड उचललं, वाळवलं तरी काही दिसत नाही. घर्षण झालं की मात्र तंतू उभे चिरतात, त्यांचे केसाहून बारीक धागोरे सुटतात आणि त्यांच्यावर प्रकाश विखुरला की पांढरट धूळ बसल्यासारखं दिसतं. कॉलरवरची माझी रेघ तीच. ब्रश मारून मी आपल्या हाताने ते काम पुरं केलं होतं. साडीच्या बाबतीत हे आधी निऱ्यांच्या कडांवर, कपाटातल्या घडीच्या ओळीवर आणि काखेजवळ ब्लाउजवर दिसतं. काखेत तर घामही असतो आणि घासणंही. पांढरी भुरी ओला हात फिरवून गेली नाही, तर ती धूळ नव्हे, रेशीमच आहे.

लोकरीचं दुखणं थोडं वेगळं. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांचंच प्रथिन. त्यात गंधकाचे आडवे टाके आहेत, एका माळेतून दुसऱ्या माळेत घातलेले. शिवाय प्रत्येक तंतूवर कौलांसारखी खवलं आणि खवलांवर चरबीचा अगदी पातळ लेप. इतक्या बंदोबस्तात प्रोटिएजला आत शिरणं अवघड. चांगल्या नव्या लोकरीच्या शालीवर एकदा चुकून एन्झाइमची पावडर पडली, लगेच धुऊन टाकली, तर घाबरण्यासारखं काही नाही. पण गंधकाचे टाके सोड्याला, उष्णतेला आणि ब्लीचला नमतात. केस काढायची क्रीम लावल्यावर केस मऊ पडून गळतात ते याच टाक्यांवर घाव बसल्यामुळे, आणि ती क्रीमही चांगलीच अल्कधर्मी असते. धुण्याच्या पावडरीत सोडा आहे, बऱ्याच पावडरींत ब्लीचही आहे. ते टाके उसवतात आणि प्रोटिएज मागून घुसतं. पहिला मारा होतो तो तंतूतल्या पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या थरावर.

निसर्गात ही युक्ती आधीच चालू आहे. आपण म्हणतो लोकरीला कसर लागली. त्या कसरीच्या अळीचं पोट अल्कधर्मी असतं आणि गंधकाचे टाके मोडायची सोयही तिच्याकडे असते. टाके मोडले की तिची प्रोटिएज केरॅटिन पचवतात. ती सुती कपड्याकडे ढुंकून बघत नाही, पण शाल आणि रेशमी साडी दोन्ही खाते. सोडा आणि प्रोटिएज घातलेली कोमट बादली म्हणजे, जरा वाढवून सांगायचं तर, कसरीचं पोट. फक्त फार मोठं आणि सुदैवाने तेवढं कार्यक्षम नसलेलं.

स्वेटर आटून लहान मुलाच्या मापाचा होतो, त्याचं खापरही लोक हल्ली एन्झाइमवर फोडतात. ते खोटं आहे. ती खवलांची करामत. गरम पाण्यात चोळलं, पिळलं, मशीनमध्ये घुसळलं की खवलं एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट होत जाते. एन्झाइमचं नुकसान उलट्या दिशेचं असतं: कापड विरळ होतं, कोपरावर पातळ पडतं, पाण्यात लोकरीची कणी जास्त सुटते आणि एक दिवस सहज ताणलं तरी भोक पडतं.

आपल्याकडे या सगळ्याला एका सवयीची भर आहे: भिजत घालण्याची. यंत्रात कपडे तासभर फिरतात आणि संपलं. आपण बादलीत झोपताना घालतो आणि सकाळी काढतो, आठ-नऊ तास. सुती कपड्यांसाठी ही सवय उत्तम आहे, एन्झाइमला वेळ मिळतो आणि गरम पाण्याची गरजही कमी पडते. तीच सवय रेशमासाठी मटणाला रात्रभर लावलेल्या पपईसारखी. गंमत म्हणजे आपल्या आज्ज्यांच्या घरात रेशमाची वाट आधीपासून वेगळी होती. सोवळ्याचा कद नुसत्या पाण्यातून काढायचा, रेशमी साडी आणि शाल रिठ्याच्या पाण्यात. रिठ्याला फेस येतो, तो मळ सोडवतो, त्याचं पाणी किंचित आंबट असतं आणि त्यात प्रथिन तोडणारं काही नसतं. तीन गोष्टी जमून आल्या होत्या. कारण माहीत नसताना रीत बरोबर होती, असं क्वचितच होतं, पण इथे झालंय.

मग रेशमावर श्रीखंड सांडलं तर? सांडल्या सांडल्या चमच्याच्या पाठीने उचला, घासू नका. पांढरं सुती फडकं गार पाण्यात भिजवून पिळून डागावर टिपा, डाग फडक्यात येऊ द्या. रंग सुटतो का ते आतल्या बाजूला आधी बघा. तूपकट कडा राहिली तर रिठ्याचं पाणी किंवा रेशीम-लोकरीसाठीचा एन्झाइम नसलेला पातळ साबण, दोन-तीन मिनिटं, मग भरपूर गार पाणी. जरीची पैठणी असेल तर पाण्याचं धाडस न करता ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग कशाचा आहे ते त्याला नीट सांगा. श्रीखंडाचा आणि तेलाचा इलाज एक नाही. चुकून एन्झाइमच्या पाण्यात पडलंच, तर उकळतं पाणी ओतून एन्झाइम मारायला जाऊ नका, त्याने रेशमाचंच जास्त नुकसान होईल. ताबडतोब गार पाण्यात तीन-चारदा खळबळा, न पिळता सावलीत वाळवा.

पावडरीत एन्झाइम आहे की नाही हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं: एन्झाइम, प्रोटिएज, 'बायो' अशा नावांनी. पावडरीतल्या निळ्या-हिरव्या दाण्यांवर विश्वास ठेवू नका. ते कधी एन्झाइमचे असतात आणि कधी नुसते रंगवलेले. शंका असेल तर जिलेटिनची वाटी आहेच. तीही खात्रीची करायची असेल तर पावडरीचं थोडं पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, तिसऱ्या वाटीवर ओता. न उकळलेल्याने खळगा पाडला आणि उकळलेल्याने पाडला नाही, तर काम एन्झाइमचंच.

कापडाचं नाव मात्र पाकिटापेक्षाही फसवं. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी अशी रीत, पण आज तो पदर बहुधा कृत्रिम रेशमाचा असतो, आणि ते मुळात सेल्युलोजच. माहेश्वरीत ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. हिमरूतही सूत आणि रेशीम एकत्र. 'सेमी पैठणी' म्हणून मिळणारी साडी पुष्कळदा पॉलिएस्टर निघते, तिला प्रोटिएजचं काही भय नाही. विदर्भातलं टसर मात्र रानटी किड्याचं असलं तरी प्रथिनच. म्हणून बादलीत घालण्यापूर्वी आतल्या शिवणीतून किंवा पदराच्या गोंड्यातून एकेक धागा काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. कागद जळाल्याचा वास आला तर सूत किंवा कृत्रिम रेशीम. वितळून कडक गुठळी झाली तर पॉलिएस्टर. केस जळाल्याचा वास आला आणि काळी राख बोटांत चुरली गेली, तर ते कापड त्या बादलीत घालू नका.